खेळ उघडत नाही, म्हणून कार्ड घ्यायचे?

गेल्या दिवाळीत मी अंबरनाथला मावशीकडे गेले होते. फराळाचे ताट समोर येण्याआधीच माझ्यापुढे एक खटला उभा राहिला. आरोपी दोन होते. एक घरातला संगणक आणि दुसरा नववीत शिकणारा माझा मावसभाऊ. संगणकावरचा आरोप असा, की तो आता जुना झाला. मावसभावावरचा आरोप असा, की खेळून खेळून त्यानेच तो बिघडवला.

प्रकरण तसे साधे होते. ब्राउझरमध्येच उघडणारा मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ त्याच्या वर्गातली मुले संध्याकाळी मिळून खेळत. बाकीच्यांकडे खेळ उघडे. ह्याच्याकडे मात्र काळा चौकोन येई आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, "Your browser does not support WebGL". काकांनी ती ओळ उल्हासनगरच्या एका दुकानदाराला फोनवर वाचून दाखवली. दुकानदाराने सांगितले, ग्राफिक्स कार्ड बसवावे लागेल, साडेसहा हजार रुपये पडतील. काका कारखान्यात नोकरीला. बोनस हाती आला होता आणि त्यातले साडेसहा हजार बाजूला काढून ठेवले होते. मावशीचे म्हणणे, त्या पैशांत घराला रंग लागेल. मावसभाऊ खाली मान घालून बसला होता.

मित्रहो, मी कला शाखेची विद्यार्थिनी. यंत्रे दुरुस्त करणे हा माझा प्रांत नव्हे. पण त्या संध्याकाळी जे पाहिले त्यावरून माझे ठाम मत झाले आहे, की पडद्यावरच्या त्या एका ओळीवर विश्वास ठेवून खिशात हात घालू नये. ती ओळ रोग सांगत नाही, नुसते "दुखते आहे" एवढेच सांगते.

हा खेळ चालतो कसा, ते आधी थोडक्यात पाहू. साधारण पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. मोटार धावताना दिसायची तर ह्या प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ वेळा ठरवावा लागतो. हिशेब केला तर सेकंदाला बारा कोटींच्या वर रंग. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण तो लग्नघरातल्या मुख्य आचाऱ्यासारखा असतो. सगळा स्वयंपाक त्याला येतो, पण हजार पोळ्या एकट्याने लाटायच्या म्हटले की पंगत खोळंबते. पोळ्या लाटायला एका ओळीत बसलेल्या बायका हव्यात. ग्राफिक्सची चिप म्हणजे ती ओळ. चित्र काढण्याचे काम ब्राउझरने ह्या चिपकडे सोपवणे, ह्यालाच हार्डवेअर ॲक्सलरेशन म्हणतात. आणि वेबपानाने चिपला काम सांगण्याची जी ठरलेली बोली, ती वेबजीएल. तिची पहिली आवृत्ती 2011 साली आली, दुसरी 2017 साली. महत्त्वाची गोष्ट अशी, की ही चिप बहुतेक घरगुती संगणकांत प्रोसेसरच्या पोटातच असते. वेगळे कार्ड नाही म्हणजे चिप नाही, असे नव्हे.

आमच्या महाविद्यालयाच्या संगणक-कक्षातील सहायकांनी एकदा मला एक गोष्ट दाखवली होती, ती आठवली. क्रोममध्ये जिथे पत्ता लिहितात तिथे मी `chrome://gpu` असे लिहिले. मोठे, रुक्ष पान उघडले. पण त्यातल्या वरच्या यादीतली एकच ओळ पाहायची असते, WebGL ह्या शब्दासमोरची. तिथे "Hardware accelerated" असेल तर चिप कामावर आहे. "Software only" असेल तर आचारी एकटाच पोळ्या लाटतो आहे. आमच्याकडे "Disabled" होते, आणि खाली अडचणींच्या यादीत कारणही लिहिलेले होते. चिपचा वापर ब्राउझरच्या सेटिंगमधूनच बंद केलेला होता.

म्हणजे चिप होती, ठणठणीत होती. बटण बंद होते!

मग Settings मध्ये System ह्या भागात गेले. "Use graphics acceleration when available" ह्या ओळीपुढचे बटण चालू केले आणि शेजारीच उमटलेल्या "Relaunch" वर टिचकी मारली. इथे एक बारकावा सांगते. नुसती खिडकी बंद करून पुन्हा उघडली तर काही वेळा बदल लागू होत नाही, कारण क्रोम मागे चालूच राहिलेला असू शकतो. Relaunch केल्यावर खेळ उघडला. मावसभाऊ म्हणाला, "ताई, झालं?" झाले होते. सारे मिळून दहा मिनिटे.

काका विचारात पडले. हे बटण बंद कोणी केले? थोड्या वेळाने त्यांनाच आठवले. 2020 साली टाळेबंदीत ऑनलाइन वर्ग चालू असताना पडदा लुकलुकायचा. ओळखीच्या एकाने फोनवरून सांगून ते बटण त्यांच्याकडूनच बंद करवले होते. लुकलुकणे थांबले आणि बटण विस्मरणात गेले. पत्र लिहिणे, बातम्या वाचणे, चित्रफीत पाहणे ह्यांत काहीच अडत नसल्याने इतकी वर्षे कोणाच्या लक्षातही आले नाही. आता गंमत पाहा. साडेसहा हजारांचे कार्ड बसवले असते तरी ते बटण बंदच राहिले असते, आणि नव्या कार्डावरही तीच इंग्रजी ओळ उमटली असती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

ह्यात दुकानदाराला मी फारसा दोष देत नाही. त्याने यंत्र पाहिलेच नव्हते, ऐकले ते एक वाक्य. खरा दोष त्या वाक्याचा आहे. खेळ सुरू होताना ब्राउझरला एकच प्रश्न विचारतो :

```
canvas.getContext("webgl2")
```

सोय असेल तर काम सुरू होते, नसेल तर उत्तर येते `null`, म्हणजे "नाही". का नाही, हे त्या उत्तरात नसते. बटण बंद असो, चिपवर बंदी असो वा ब्राउझर जुना असो, उत्तर तेच. मग खेळ करणारा सगळ्या कारणांना मिळून एकच वाक्य छापतो, आणि ते घरातल्या माणसाला "तुमचे यंत्र टाकाऊ आहे" असे ऐकू येते.

कारणे वेगळी असली की उपायही वेगळे, हे मला पुढच्याच महिन्यात कळले. बदलापूरच्या एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तोच काळा चौकोन आला. बटण पाहिले, तर चालू! तिने कोठेतरी वाचून `chrome://flags` मधून "Override software rendering list" हेही चालू करून ठेवले होते. ज्या चिप आणि ज्या ड्रायव्हर दगा देतात असे ठाऊक आहे त्यांची एक यादी क्रोम बाळगतो. ही कळ म्हणजे ती यादी मानू नकोस, असे सांगणे. तरीही काही उपयोग नव्हता. विंडोजच्या Device Manager मध्ये Display adapters खाली पाहिले तेव्हा तेथे "Microsoft Basic Display Adapter" एवढेच नाव होते. लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकताना चिपचा खरा ड्रायव्हर टाकायचा राहून गेला होता. पोळ्या लाटणाऱ्या बायका दारात उभ्या, पण त्यांना आत बोलावणारा कोणी नाही, अशी ती अवस्था. कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घेतला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि काम झाले. ती सक्तीची कळ मात्र आम्ही परत बंद केली. यादीतल्या चिपला जबरदस्तीने कामाला लावले तर ब्राउझर मध्येच कोसळू शकतो किंवा पडदा गोठतो. ती यादी काही उगाच केलेली नाही.

आणि काही ठिकाणी इलाज नसतोही. उल्हासनगरला चार नंबरात मी जिथे झेरॉक्स काढते त्या दुकानात विंडोज एक्सपीवरचा एक संगणक आजही बिले करतो. दुकानातल्या मुलाने माझी कीर्ती ऐकून मोठ्या आशेने विचारले, "ह्याच्यावर चालेल का?" एक्सपीवर क्रोमची शेवटची आवृत्ती 49, 2016 सालची. वेबजीएलची दुसरी आवृत्ती क्रोममध्ये आली ती 56 मध्ये. तेव्हा ह्या दुसऱ्या आवृत्तीवर बेतलेला खेळ तिथल्या क्रोमला समजणारच नाही. मी सरळ "नाही" म्हटले. तो हसला आणि बिलांकडे वळला. खरे "नाही" कळले की माणूस नाराज होत नाही. खोट्या "नाही"पायी मात्र घरात भांडणे होतात.

कोणी म्हणेल, खेळ बंद पडला तर बरेच झाले, पोरगा अभ्यास तरी करील. पण त्याच वाटेने ब्राउझरमधली गूगल अर्थची पृथ्वीही फिरते. ते बटण बंद असेल तर उद्या आपल्या भूगोलाच्या तासालाही तोच काळा चौकोन दिसेल.

म्हणून माझे म्हणणे दोघांना आहे. खेळ करणाऱ्यांनी एकाच वाक्यात तीन रोग कोंबू नयेत. वेबजीएल मिळाले नाही की ब्राउझर `webglcontextcreationerror` नावाची एक सूचना पाठवतो आणि तिच्यासोबत काही वेळा कारणाची ओळही असते. ती दाखवावी, निदान "आधी हे बटण पाहा" असे मराठीत लिहावे. आणि दुसऱ्याच्या यंत्रातले बटण बंद करून मोकळे होणाऱ्या आपल्यासारख्या शहाण्यांनी काय बंद केले ते यंत्रावर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवावे. लुकलुकणे थांबवणारा त्या दिवशी उपकारच करत होता. पण त्याने चिठ्ठी ठेवली नाही, आणि इतक्या वर्षांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तो नववीतला मुलगा.

मावशीच्या घराला रंग लागला आहे. फिकट पिवळा. संगणकाच्या कडेला आता मावसभावाच्या अक्षरातली चिठ्ठी आहे : "ॲक्सलरेशन चालू केले. बंद करायचे असेल तर मला विचारा."