पाकीट फोडू नका

आपल्या बीबी परिसरातील बहुतेक पदवीधरांचे विद्यापीठ अमरावतीचे. परदेशी प्रवेशासाठी सर्व वर्षांचे गुण दाखवणारी ट्रान्स्क्रिप्ट तिथूनच मागवावी. बंद पाकिटाच्या जोडावर विद्यापीठाचा शिक्का व सही हवी. घरी कौतुकाने पाकीट फोडले, की ते बाद! पाहण्यासाठी वेगळी प्रत घ्यावी.

काही ठिकाणी पदवीचे मूल्यांकनही मागतात. आपली पदवी तिकडच्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची, हे डब्ल्यूईएससारखी संस्था ठरवते. आधी तिथे नोंदणी करून संदर्भ क्रमांक घ्यावा, मग विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट थेट पाठवावी.

मराठी दाखल्याचे भाषांतर प्रमाणित भाषांतरकाराकडून शब्दशः करून घ्यावे. झेरॉक्सवरील साक्षांकनाचा शिक्का म्हणजे भाषांतर नव्हे. नावाचे इंग्रजी स्पेलिंग मात्र पासपोर्टप्रमाणेच ठेवायला सांगावे.