'मी फेल झालो' ला उत्तर म्हणून सुविचार पाठवू नका



आपल्या घराघरातल्या ग्रुपवर एक सवय बोकाळली आहे, आज तिच्यावर जरा कडक लिहिणार आहे. कुणीतरी एकच ओळ टाकतं, 'मी फेल झालो.' मागे काही नाही, पुढे काही नाही. आणि दोन मिनिटांत उत्तरांचा पाऊस. 'अपयश ही यशाची पहिली पायरी.' 'सगळा कर्माचा उदय.' हात जोडलेले, उगवत्या सूर्याचं चित्र. कशात फेल, हे अजून एकालाही माहीत नसतं.

अनेकांतावर प्रवचन ऐकून घरी आलेली माणसं तीन शब्दांना एकच अर्थ लावून मोकळी होतात, हे मला पटत नाही.

आमच्याच घरचं सांगते. भाचा पुण्यात रूमवर राहून सीए करतो. दशलक्षण पर्वाचे दिवस, त्याने एकाशन धरलेलं. रात्री पावणेबाराला त्याने ग्रुपवर हेच तीन शब्द टाकले. एका काकूंनी धरलं की एकाशन मोडलं. त्यांनी लिहिलं, 'भाव महत्त्वाचा, पुढच्या वर्षी कर.' एका काकांनी धरलं की परीक्षा गेली. त्यांनी लिहिलं, 'सीएत सगळेच एकदा पडतात.' कुणी नुसतंच 'कशात???' असं तीन प्रश्नचिन्हांनी विचारलं. तो गप्प झाला. गप्प होणारच. बावीस जणांसमोर उत्तर कोण देईल? आणि दोघांनी तर उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं, आता खरं सांगायचं म्हणजे त्यांना खोटं पाडायचं.

अशी ओळ आली की मी तीनच गोष्टी पाहते. वेळ कोणती आहे, कुणाला पाठवली आहे, आणि हे माणूस एरवी कसं लिहितं. दुपारी दोनला, हसऱ्या चेहऱ्यासकट, 'फेल झाले गं' असं आलं तर बहुतेक आरटीओच्या ट्रॅकवर आठचा आकडा काढताना पाय टेकला असेल. आमचा भाचा एरवी लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवणारा, त्याने मध्यरात्रीच्या सुमारास तीन शब्द लिहिले. शब्दसुद्धा बघावेत. 'नापास झालो' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सहसा पेपर असतो. 'मी फेल आहे' हा माणसाने स्वतःवर दिलेला निकाल असतो. पण या खुणांवरून मी किती लवकर हलायचं एवढंच ठरतं. काय झालं ते त्यावरून कळत नाही, आणि कळलं असं समजायचंही नाही.

ग्रुपवर काही न लिहिता मी त्याला वेगळा मेसेज केला. 'वाचलं रे. मी जागी आहे. सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर नुसतं बोलू. फोन करू का?' यात 'का' नाही, 'कशात' नाही, सल्ला नाही. फोनबद्दल विचारलं, थेट लावला नाही, कारण रडणाऱ्या माणसाला वाजणारा फोन अंगावर येतो. नऊ मिनिटांनी उत्तर आलं, 'फोन नको.' मी लिहिलं, 'बरं. लिही. मी इथेच आहे.' मग विचारलं, 'रूमवर कोण आहे? जेवलास?' असे प्रश्न सोपे असतात, हो-नाही म्हणता येतं, आणि माणूस एकटा आहे का तेही कळतं.

हळूहळू बाहेर आलं. पेपर नाही, एकाशनही नाही. होस्टेल आणि क्लाससाठी वडिलांनी दिलेले एक लाख ऐंशी हजार त्याने शेअर बाजारात ऑप्शनमध्ये घालवले होते. आधी थोडे गेले, ते भरून काढायला आणखी लावले, असं तीन आठवडे. आता वर जाऊन ती सांत्वनं परत वाचा. 'सगळेच एकदा पडतात' हे त्या पोराला कसं लागलं असेल? आणि 'कर्माचा उदय'? कर्मसिद्धांत आपण स्वतःला सावरायला शिकलो, दुसऱ्याच्या कपाळावर चिकटवायला नाही. ज्याची चूक त्याला आधीच जाळते आहे त्याला हे ऐकवणं म्हणजे 'भोग आता' म्हणणंच आहे. भाषा समिती आपल्याकडे मुनींचं व्रत म्हणून शिकवतात, पण हित आणि मित बोलायला कुणी गृहस्थांना बंदी केलेली नाही.

पुढची पायरी बहुतेक जण टाळतात, म्हणून सविस्तर लिहिते. त्याने लिहिलं, 'आता काही अर्थ नाही.' अशा वाक्यावर 'असं बोलू नये' म्हणून विषय बदलायचा नसतो. मी सरळ विचारलं, 'जीव द्यायचे विचार येतायत का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही आपली भीती खोटी आहे. मानसोपचाराचं काम करणारे सगळे हेच सांगतात की थेट विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याने लिहिलं, 'काल येऊन गेला.' मग दुसरा प्रश्न, 'कसं करायचं ते ठरवलं होतंस का? आत्ता येतोय का?' ठरवलेलं असलं, साधन हाताशी असलं, तर धोका मोठा आणि सल्लामसलतीला वेळ नाही. तिथे जवळच्या माणसाने शेजारी जाऊन बसायचं, साधन दूर करायचं, आणि 112 लावायचा. त्याचं उत्तर नाही असं आलं. तरी मी त्याच्या संमतीने रूममेटला उठवलं, रात्रभर सोबत राहायला सांगितलं, आणि 14416 दिला. तो सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. सकाळी त्याने खरंच लावला.

'पप्पांना सांगू नकोस,' असं त्याने लिहिलंच. इथे खोटं वचन देऊ नये. मी म्हटलं, 'पैशाचं तू सांगशील तेव्हाच. पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.' त्याला ते चाललं. तीन दिवसांनी आम्ही दोघांनी मिळून पप्पांना सांगितलं. ते चिडले, मग रडले, मग ट्रेडिंगचं खातं बंद करायला त्याच्या शेजारी बसले.

माझी जाऊ म्हणते, इतकं कोण खणत बसणार, काहीच नसेल तर? नसू दे. 'वाचलं, मी आहे' हे आठचा आकडा चुकलेलीलाही चालतं, ती हसून सांगते. सुविचार मात्र दोघांनाही गप्प करतो.

ग्रुपवर मी दुसऱ्या दिवशी एवढंच लिहिलं, 'त्याच्याशी बोलणं झालंय, कृपया आत्ता सल्ले नकोत.' दुपारपर्यंत तरी दोन उगवते सूर्य आलेच.