प्रश्नचिन्हाच्या पलीकडे



दिवाळीनंतर या स्तंभासाठी आलेल्या टपालात चार पानांचे एक पत्र होते. पाठपोट लिहिलेले, समासातही ओळी भरलेल्या. पाठविणाऱ्या भगिनीच्या संमतीने आणि ओळख पटेल असे सारे तपशील बदलून ते आज आपल्यापुढे ठेवत आहे. पत्रातील अडचणीइतकेच ते पत्र कसे वाचावे लागले हेही सांगण्याजोगे आहे. कारण अशी पत्रे केवळ माझ्याकडे येत नाहीत. ती आपल्या घरात रोज बोलली जातात. स्वयंपाकघरात, दुकान बंद करताना, सासरी गेलेल्या लेकीच्या दूरध्वनीवर.

पत्राचा आरंभ सासूबाईंच्या वर्षीतपापासून होता. वय ७४, मधुमेह, तपाचा आठवा महिना. एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी बियासणे, आणि बियासण्यालाही जेवण जेमतेम. गेल्या पंधरवड्यात दोनदा चक्कर आली. त्यानंतर पत्र एकाएकी मुलीकडे वळले. वय २६, दोन वर्षांत तीन स्थळे नाकारली, कारण सांगत नाही. मग बाजार मंद असल्याची तक्रार, उधारी अडकल्याची तक्रार, आणि त्यातच एक वाक्य : ‘धाकट्या भावजींच्या दुकानाच्या कर्जाचे नूतनीकरण आहे, आमच्या ह्यांनी होकार दिला आहे, आता माझी सही तेवढी राहिली.’ पुढच्याच ओळीत पुन्हा सासूबाई. शेवटी एकच स्पष्ट प्रश्न : ‘ताई, या वयात तप चालू ठेवू द्यावे का?’ आणि निरोपाची ओळ : ‘शुक्रवारी भावजी येणार आहेत, त्यांच्यासाठी काय करावे तेही सुचत नाही. गडबडीत लिहिले, क्षमा असावी.’

काही वर्षांपूर्वी हे पत्र आले असते, तर प्रश्नचिन्ह जिथे आहे त्या प्रश्नाचे मी उत्तर दिले असते. तपाविषयी दोन परिच्छेद, मुलीविषयी एक, मंदीविषयी धीराचे दोन शब्द. बाई आभार मानती, आणि शुक्रवारी सही करून मोकळी होती.

दुकानदारीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. जुना ग्राहक येतो, साखरेचा भाव विचारतो, डाळीचा नमुना हातात घेऊन पाहतो, पावसाची चौकशी करतो, आणि उठता उठता हलकेच म्हणतो, ‘शेठजी, मागचे अजून महिनाभर थांबाल ना?’ तो साखर घेण्यासाठी आलेला नसतो. बोलायला जे अवघड, ते माणूस निरुपद्रवी गोष्टींच्या मधे ठेवून आणतो. समोरच्याचा चेहरा पाहतो, आणि मगच ते पुढे सरकवतो किंवा तसेच परत घेऊन जातो.

वैद्यकातही हे तपासले गेले आहे. अमेरिकेतील बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी १९८४ मध्ये रुग्ण आणि डॉक्टर यांच्या ७४ भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपले पहिले निवेदन पुरे करण्याची संधी त्यांपैकी केवळ १७ भेटींतील रुग्णांना मिळाली होती. जिथे डॉक्टरांनी मधेच प्रश्न घातला, तिथे तो सरासरी १८ सेकंदांत घातला. आणि रुग्णाने तक्रारी ज्या क्रमाने सांगितल्या, त्या क्रमाचा त्यांच्या वैद्यकीय महत्त्वाशी संबंध आढळला नाही. म्हणजे जे आधी बोलले गेले तेच मोठे, असे मानण्यास आधार नाही.

मग मोठे कोणते, हे ओळखावे कसे? मी कागदावर तीन रकाने आखले : तप, मुलगी, मंदी. प्रत्येकाखाली एकच गोष्ट लिहिली : ही काळजी केव्हापासूनची आहे? तप आठ महिन्यांचे, चक्कर पंधरा दिवसांची, मुलीचा विषय दोन वर्षांचा, मंदी तर सर्वांचीच. मग पत्र आजच का लिहिले गेले? चारही पानांत पुढे येणारा वार एकच होता, शुक्रवार. आणि तो कर्जाच्या रकान्यात न येता जेवणाच्या निमित्ताने, निरोपाच्या ओळीत आला होता.

नंतर ‘मी’ कुठे आहे ते पाहिले. तप सासूबाईंचे, नकार मुलीचा, उधारी यजमानांची. या सर्व वाक्यांत ही भगिनी केवळ पाहणारी आहे. तिला स्वतःला काही करावयाचे आहे असे वाक्य एकच : ‘माझी सही तेवढी राहिली.’ त्या वाक्यापाशी येताच पत्राने विषय बदलला होता. तीन पाने मोकळेपणाने लिहिणारा हात जिथे एका ओळीत आटोपतो, तिथे थांबून पाहावे.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. दडलेला प्रश्न शोधण्याच्या नादात उघडा धोका नजरेआड होता कामा नये. मधुमेहाची काही औषधे चालू असताना उपवास घडला तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. चक्कर हे तिचे लक्षण असू शकते. ती भगिनीची खरी विचारणा नसली तरी थांबण्याजोगी बाब नव्हती. म्हणून उत्तराची पहिली ओळ तीच लिहिली : आजच डॉक्टरांना दाखवा, कोणत्या दिवशी कोणती गोळी घेतली जाते ते त्यांना सांगा, आणि गुरुभगवंतांपुढे सारी स्थिती ठेवा. पच्चक्खाणात आगार असतात, ते अशाच प्रसंगांचा विचार करून ठेवलेले आहेत. तप चालू राहावे की नाही, हा निर्णय या स्तंभाचा नव्हे.

दुसरी सावधगिरी अशी, की आपले अनुमान हे अनुमानच असते. ‘तुमची खरी चिंता मला कळली’ असे लिहिणे हा एक प्रकारचा अहंकार आहे, आणि चुकले तर माणूस कायमचा मिटतो. म्हणून पुढे एवढेच लिहिले : ‘पत्रात सहीचा आणि शुक्रवारचा उल्लेख आहे. तो वाचून असे वाटले की त्या सहीविषयी आपल्या मनात काही आहे. तसे नसेल तर ही ओळ सोडून द्यावी. असेल तर, आणखी काय सांगायचे राहिले आहे?’ ‘आणखी काही आहे का?’ असे मी मुद्दाम विचारले नाही. त्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर तयारच असते. ‘काय राहिले आहे’ असे विचारले, की काहीतरी राहिले आहे हे आपण मान्य करून बसलेले असतो.

पत्रात दिलेल्या क्रमांकावर हा मजकूर बुधवारी सकाळी पाठविला. दुपारी उत्तर आले, सहा ओळींचे. तप नाही, मुलगी नाही, मंदी नाही. ‘राहते घर माझ्या नावावर आहे, माहेरच्या पैशातून घेतलेले. बँकेला त्याचे मूळ खरेदीखत हवे आहे आणि जामीनदार म्हणून माझी सही. मला नाही म्हणता येते का? नाही म्हटले तर घर फुटेल आणि त्याचा दोष माझ्यावर येईल. मुलीचे लग्न व्हायचे आहे, सासूबाई तपात आहेत. अशा वेळी मी असे कसे बोलू?’

पाहा, तिन्ही काळज्या शेवटी एका जागी आल्या. तप आणि मुलगी हे वेगळे विषय नव्हतेच. ती दोन्ही नकार न देण्याची कारणे होती.

आता उत्तर देता येत होते. भारतीय करार कायदा, १८७२ यातील कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ‘आधी भावजींकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असे जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये बँक ऑफ बिहारच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले आहे. शिवाय कर्जाच्या तारणासाठी खरेदीखत बँकेत ठेवणे म्हणजे घर गहाण टाकणेच. तेव्हा ‘तेवढी सही’ ही तेवढीशी नसते.

नाही म्हणता येते का? येते. जामीन ही स्वेच्छेने द्यावयाची गोष्ट आहे, आणि पतीने दिलेला होकार हा पत्नीचा होकार होत नाही. मात्र नकार आणि संपूर्ण होकार यांच्या मधेही जागा असते. म्हणून तिला तीन गोष्टी सुचविल्या. शुक्रवारी सही न करता कागद वाचण्यासाठी ठेवून घ्यावेत आणि बँकेच्या मंजुरीपत्राची प्रत मागावी. जामीन ठरावीक रकमेपुरता आणि घर वगळून घेण्यास बँक तयार आहे का, हे लेखी विचारावे. आणि ते कागद घराबाहेरच्या वकिलाला किंवा सनदी लेखापालाला दाखवावेत. भावजींपुढे बोलावयाचे वाक्यही ठरवून दिले, कारण अशा वेळी माणसाला कायद्यापेक्षा वाक्य हवे असते : ‘भावजी, तुमच्यावर अविश्वास नाही. पण वाचल्याशिवाय सही करू नये, हे मी याच घरात शिकले.’

पुढे काय झाले, हे सांगून मोकळी होते. सासूबाईंच्या औषधांच्या मात्रा आणि वेळा डॉक्टरांनी बदलल्या. पुढचा निर्णय त्यांनी महाराजसाहेबांच्या सान्निध्यात घेतला, तो त्यांच्यापाशी राहू द्यावा. बँकेने घर वगळले, पण कर्जाची मर्यादाही कमी केली. भावजी महिनाभर घरी आले नाहीत. मग एके दिवशी आले, जेवले, कर्जाविषयी अवाक्षरही न काढता गेले. यजमानांचा राग अजून पुरता निवळलेला नाही. मुलीने अद्याप काही सांगितलेले नाही.

त्या मुलीविषयी भगिनीने मागच्या आठवड्यात पुन्हा लिहिले आहे. या वेळी पत्र एका पानाचे आहे, आणि प्रश्न पहिल्याच ओळीत आहे.