भावातला फरक खरेदीच्या दिवशीच लिहा

प्रमाण भाव ठरवून हिशेब ठेवणारे आपले काही यंत्रमागधारक सुताच्या भावातला फरक सूत वापरल्यावर लिहितात. आम्हाला हे पटत नाही. समजा, प्रमाण भाव किलोला २०० रुपये आहे आणि ५०० किलो सूत २१२ रुपयांनी आले. त्याच दिवशी रोजकीर्दीत सूतसाठा खाते नावे १,००,०००, भाव-फरक खाते नावे ६,००० आणि सूत व्यापारी खाते जमा १,०६,००० लिहावे.

पुढे ३०० किलो सूत मागावर गेले, पण निघालेल्या कापडाला २९० किलोच लागायला हवे होते. तेव्हा उत्पादन खाते नावे ५८,०००, वापर-फरक खाते नावे २,००० आणि सूतसाठा खाते जमा ६०,०००. या दहा किलोंचा जाब जॉबरला विचारावा, भावाचा खरेदी करणाऱ्याला. वापरानंतर लिहिणाऱ्याला भाव-फरक ३,६००च दिसला असता, आणि तोवर महाग सुताची दुसरी खेपही येऊन पडली असती!

एक खबरदारी मात्र हवी. २०० किलो सूत शिल्लक असताना त्यावरचे २,४०० रुपयेही नफा-तोट्यात गेले, तर नफा उगाच कमी दिसतो. वर्षअखेरीस तेवढी रक्कम भाव-फरक खाते जमा करून साठ्यात मिळवावी.