फंडांची खोगीरभरती

अकरा फंड म्हणजे अकरा ठिकाणी विभागलेली जोखीम, अशी थाप ठोकणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: त्या अकरांच्या पोटात काय आहे, ते कधी उघडून पाहिलंत का?

ओळखीतल्या एका प्राध्यापकबाईंचं स्टेटमेंट मी पाहिलं. एकूण 20 लाख. तीन लार्ज कॅप, दोन फ्लेक्सी कॅप, एक फोकस्ड, दोन ईएलएसएस, एक बँकिंग, एक थीमॅटिक, एक हायब्रिड. त्यांचा एजंट याला ‘संतुलित पोर्टफोलिओ’ म्हणतो. ही निव्वळ खोगीरभरती आहे, आणि तिला संतुलनाचं नाव देणं हा निर्लज्जपणा आहे.

सेबीने ऑक्टोबर 2017 मध्ये नियम केला, की लार्ज कॅप फंडाने किमान 80 टक्के पैसा बाजारमूल्यात पहिल्या 100 असलेल्या कंपन्यांतच ठेवावा, आणि एका फंड कंपनीने या गटात एकच योजना चालवावी. गोंधळ कमी व्हावा म्हणून केलेला नियम! एजंटाने काय केलं? एका कंपनीकडे तीन मिळत नाहीत ना, मग तीन कंपन्यांचे तीन विकले. तिन्ही व्यवस्थापक त्याच शंभर नावांत उठबस करतात. मग तिथे एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक आणि रिलायन्स पुन्हा पुन्हा भेटल्या, तर नवल ते काय?

हे तपासायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. फंड कंपन्या दर महिन्याला आपले शेअर टक्क्यांसह जाहीर करतात. दोन याद्या शेजारी ठेवा. एकीत एखादी बँक 9 टक्के, दुसरीत 7, तर लहान आकडा धरा: 7. प्रत्येक सामाईक नावाचं असंच करून बेरीज मारा. बाईंच्या दोन लार्ज कॅप फंडांची बेरीज 60 टक्क्यांच्या पुढे गेली. वर तो बँकिंग फंड! बँका आधीच सगळीकडे ठासून भरलेल्या असताना आणखी बँका विकत घ्यायच्या आणि त्याला विविधता म्हणायचं, हे धारिष्ट्य थोर आहे.

आणि किंमत? बाईंच्या रेग्युलर प्लॅनचा खर्च सरासरी दीड टक्का धरला, तरी 20 लाखांवर वर्षाला 30,000 रुपये. एवढ्या व्यवस्थापकांची सरासरी काढली, की हाती उरतो जवळजवळ निर्देशांक. तोच निर्देशांक डायरेक्ट इंडेक्स फंडात 0.2 टक्क्याच्या आसपास मिळतो, म्हणजे 4,000 रुपयांत. मधले 26,000 कशाचे? एकमेकांचे निर्णय खोडून काढण्याचे!

मी बाईंना म्हटलं, प्रत्येक फंडाचं काम एका वाक्यात सांगा. जो दुसऱ्याचंच वाक्य म्हणतो, तो जाईल. उरली तीन कामं, आणि त्यांसाठी तीन नवे फंड. निफ्टी 50 इंडेक्स फंड: देशातल्या मोठ्या कंपन्या. निफ्टी मिडकॅप 150 इंडेक्स फंड: त्यांच्या खालचा थर. या दोन निर्देशांकांची रचनाच अशी आहे, की त्यांत एकही कंपनी सामाईक नसते. तरीही बाजार कोसळला, की दोन्ही एकदमच आपटतात; मार्च 2020 मध्ये तेच झालं. सामाईक नावं शून्य म्हणजे जोखीम शून्य नव्हे. म्हणून तिसरा, लिक्विड फंड: येत्या दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा.

आता घाई नको. ‘स्विच करा, एका क्लिकचं काम’ असं सांगणारा महाभाग हे सांगत नाही, की स्विच ही करखात्याच्या लेखी विक्रीच असते. बाईंनी आधी जुन्या एसआयपी थांबवल्या. त्याला कर लागत नाही. मग एक वर्षाहून जुनी युनिटं काढली. शेअर फंडांच्या दीर्घकालीन नफ्यातले वर्षाला सव्वा लाख करमुक्त, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. मोजायचा तो नफा, विक्रीची रक्कम नव्हे. 3 लाखांच्या फंडात 1.9 लाख मुद्दल असेल, तर नफा 1.1 लाख, वर्षात दुसरा नफा नसेल, तर कर शून्य. एक फंड मार्चमध्ये, दुसरा एप्रिलमध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या दोन सवलती. वर्षाच्या आतली युनिटं विकली, तर 20 टक्के कर आणि बहुतेक ठिकाणी 1 टक्का एक्झिट लोड. ती थांबू द्यावीत.

ईएलएसएसचा तर कहरच. बाई नव्या करप्रणालीत, जिथे 80सी ची वजावटच नाही, आणि करबचतीची एसआयपी सुरूच होती! प्रत्येक हप्त्याला स्वतंत्र तीन वर्षांचं कुलूप. शेवटचा हप्ता सुटेपर्यंत हे दोन फंड यादीत राहणार, त्याला इलाज नाही.

एजंटाचा फोन आलाच: नवा एनएफओ आहे, फक्त दहा रुपयांना युनिट. बाईंनी विचारलं, “याचं काम काय?” तो परताव्यावर बोलू लागला. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं.