बारा मिनिटांची प्रस्तावना

दोन महिन्यांपूर्वी एक तरुणी दवाखान्यात आली. पोटात जळजळ आणि पहाटे तीनला येणारी जाग, अशी तक्रार होती. तपासणीत विशेष काही आढळले नाही. त्रास कधीपासून, असे विचारताच तिने नेमका वारच सांगितला, "गेल्या मंगळवारपासून, काका." तिच्या वडिलांपासून हे कुटुंब माझ्याकडे येते, म्हणून मी काका. एका कंपनीच्या लेखाविभागात सहा जणांची प्रमुख म्हणून तिची नेमणूक होऊन जेमतेम चार महिने झाले होते. नव्या जबाबदारीत रोज काय घडले, हे ती एका वहीत लिहून ठेवत असे. ती वही तिने माझ्यापुढे ठेवली. तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यातील दोन नोंदी येथे देत आहे.

'मंगळवार. त्यांना बढती मिळालेली नाही, हे मला सांगायचे होते. ते माझ्यापेक्षा ११ वर्षांनी मोठे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून आधी चांगले बोलावे, असे ठरवले. ताळेबंद वेळेत पूर्ण केला, नव्या मुलांना शिकवले, सारे सांगितले. घड्याळात पाहिले तर १२ मिनिटे झाली होती. मग म्हणाले, "यंदा जागा मोजक्या आहेत, पण तुमचा विचार नक्की होणार आहे." त्यांनी हात जोडून आभार मानले. दुपारी कळले, बढती झाल्याचे त्यांनी घरी फोन करून सांगितले आहे. संध्याकाळी पुन्हा बोलावून खरे सांगावे लागले. ते एवढेच म्हणाले, "मॅडम, हे सकाळीच सांगायचे होते."'

ही नोंद वाचताना मला माझाच एक रुग्ण आठवला. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याचा तपासणीचा अहवाल हाती घेऊन मी 'गाठ', 'थोड्या वेगळ्या पेशी', 'पुढील उपचार' असे शब्द वापरत राहिलो. कर्करोग हा शब्द उच्चारला नाही. किरकोळ गाठ आहे, अशा समजुतीत त्याने तज्ज्ञांकडे जायला तीन आठवडे लावले. आशेने बसलेला माणूस संदिग्ध वाक्याचा अर्थ आशेच्याच बाजूने लावतो. त्याआधी स्तुती झालेली असेल, तर अधिकच. आणि खरे सांगायचे तर, ती प्रस्तावना ऐकणाऱ्याला सावरण्यासाठी नसते. बोलणाऱ्याला तो क्षण लांबवायचा असतो.

२००० साली वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करुग्णांना वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यातील मधला भाग मी तिला समजावून सांगितला. समोरच्याला आधीपासून काय ठाऊक आहे, हे प्रथम विचारावे. मग बातमी चांगली नाही, एवढी पूर्वसूचना एका वाक्यात द्यावी. त्यानंतर बातमी सरळ शब्दांत सांगावी आणि थांबावे. हे थांबणेच सर्वांत कठीण. धक्का बसलेल्या माणसाच्या कानी पुढचे फारसे पडत नाही. त्या क्षणी सांगितलेली कारणे म्हणूनच वाया जातात. 'निर्णय वरून आला, माझा नाही,' हे वाक्य तर मी तिला टाळायलाच सांगितले. ते ऐकणाऱ्यावर आपलेही ओझे टाकते.

दुसरी नोंद पंधरा दिवसांनंतरची. 'दार लावले, फोन बंद केला. तिला विचारले, "बदलीबद्दल तुझ्या कानावर काय आले आहे?" ती म्हणाली, "होईल असे सगळे म्हणतात." मी म्हणाले, "बातमी चांगली नाही. बदली नामंजूर झाली आहे." मग गप्प बसले. तोंडाशी दहा वाक्ये आली. अर्ध्या मिनिटाने ती म्हणाली, "आई तिकडे एकटी आहे हो." मला समजावायचे होते, पण इतकेच म्हणाले, "तू याच आशेवर होतीस." ती रडली. मी पाणी दिले. कारणे सांगितली नाहीत. सोमवारी ती स्वतःच विचारायला आली. कारण सांगितले, पुन्हा अर्ज कधी करता येईल ते कागदावर लिहून दिले आणि आईसाठी रजेचे काय करता येईल, तेही पाहिले.'

त्या रात्रीही तिला झोप लागली नव्हती. योग्य पद्धतीने सांगितल्याने बातमी हलकी झाली नाही, असे ती काहीशा तक्रारीच्या सुरात मला म्हणाली. तिचे म्हणणे खरेच होते. जळजळीची गोळी दोन आठवड्यांनी थांबवली. पहाटेची जाग अधूनमधून अजून येते. दुसऱ्या मुलीने पुढल्या वेळचा अर्ज भरताना तिचीच मदत घेतली. पहिल्या गृहस्थांशी मात्र तिचे बोलणे अद्याप कामापुरतेच आहे.