पाहिले चाळीस हजारांनी, घेतले किती जणांनी?

परवा पिढीजात धंदा सांभाळणाऱ्या कुटुंबांच्या मेळाव्यात बोलायला गेलो होतो. एका मसालेवाल्या काकांनी अभिमानाने मोबाइल पुढे केला. ‘‘फेसबुकवरची आपली जाहिरात ४० हजार वेळा पाहिली गेली! बारा हजार घातले होते, आता पन्नास घालू म्हणतो.’’

मी म्हटले, ‘‘काका, हा आकडा निदान तीन सेकंद पाहिल्याचा. पंधरा सेकंदांचा वाचा.’’ तो निघाला ३ हजार. कारण समोरच होते. सुरुवातीची दहा सेकंदे आजोबांची तसबीर आणि दुकानाची पाटी! मसाला दिसेपर्यंत मंडळी पुढे निघून गेलेली.

तेवढ्यात सूनबाईंनी पिशवीतून वही काढली. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘दुकान कसे कळले?’ असे विचारून त्या लिहून ठेवत. जाहिरात पाहून आलेले २४. म्हणजे गिऱ्हाइकामागे खर्च ५०० रुपये आणि एका खरेदीत नफा १५०. तेच गिऱ्हाईक चौथ्यांदा आले, तरच खर्च भरून निघणार. दुसऱ्यांदा आलेले होते फक्त पाच.

माझे मत स्पष्ट आहे. पाहणारे सुरुवातीलाच गळत असतील, तर चित्रफीत बदलावी. शेवटपर्यंत पाहूनही येत नसतील, तर भाव आणि पत्ता तपासावा. येऊन परतत नसतील, तर माल चाखून पाहावा. यांतले एकही दुखणे जास्त पैशांनी बरे होत नाही.

काकांनी मोबाइल खिशात ठेवला आणि वही मागून घेतली.